एकोणतीस रुपये चाळीस पैसे

परभणीच्या कॉलेजात मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला परकीय चलन शिकवायचो आणि तोवर डॉलरची नोट डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. याची मला कधी लाज वाटली नाही. देव न पाहताच कीर्तन करणारे कितीतरी असतात. पण माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एका उन्हाळ्यात वसमतहून आले आणि माझ्या ओसरीवर त्यांनी एक खराखुरा परदेशी सौदा उलगडून ठेवला. त्या सौद्यापायी मी जो घाबरलो, तो पुढे कित्येक महिने घाबरलेलाच होतो.

रुपयाचं अवमूल्यन होऊन वर्ष उलटत आलं होतं. जो तो निर्यातीच्या गोष्टी करत होता. दाजी आणि त्यांचे थोरले भाऊ यांची वसमतला हळद पॉलिश करायची गिरणी होती. वाळलेली हळकुंडं लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवायची, साल आणि माती झडली की पोती भरायची, असं ते काम. अंगणापासून न्हाणीघरापर्यंत सगळं पिवळं. अक्काच्या हाताला लग्नानंतर जी हळद लागली ती उतरलीच नाही, असं आमची आई हसून म्हणायची.

मुंबईच्या एका दलालाने आखातातलं गिऱ्हाईक गाठून दिलं होतं. साठ टन हळकुंड, तीन कंटेनरमध्ये. दाजींनी टनाला सातशे सत्तर डॉलर सांगितले होते आणि गिऱ्हाईक सातशे पन्नासवर अडून बसलं होतं.

"मास्तर, तुमी पोरांला हेच शिकवता न्हवं?" दाजी म्हणाले. "मंग मला सांगा, सातशे पन्नासला सोडलं तर मी मरतो का वाचतो?"

मी कोरा फुलस्केप घेतला. खरेदीचा भाव, पॉलिशमध्ये जाणारी घट, हमाली, पोती, मुंबईपर्यंतचा ट्रक, बंदरावरच्या एजंटाची फी, बँकेचं व्याज, सगळं दाजी बोलत गेले आणि मी मांडत गेलो. बेरीज किलोला एकवीस रुपये आली. साठ टनांचे बारा लाख साठ हजार. मिळणार होते पंचेचाळीस हजार डॉलर. खर्चाला डॉलरनी भागलं की उत्तर अठ्ठावीस. डॉलरला अठ्ठावीस रुपये मिळाले तर ना नफा ना तोटा. त्याच्या वरचा प्रत्येक रुपया म्हणजे पंचेचाळीस हजारांचा फायदा, खालचा प्रत्येक रुपया तेवढ्याचाच खड्डा. मग मी पट्टीने रेघा मारून तक्ता केला:

दर २७ रुपये: तोटा ४५,०००
दर २८ रुपये: शून्य
दर २९ रुपये: नफा ४५,०००
दर ३० रुपये: नफा ९०,०००
दर ३१ रुपये: नफा १,३५,०००

त्या दिवशी पेपरात बाजाराचा दर तीसच्या आसपास होता. तिसाच्या ओळीखाली मी लाल पेन्सिलने रेघ ओढली. अक्षर माझं चांगलं आहे. वाईट अक्षरातला तक्ता असता तर दाजींनी कदाचित दुसऱ्या कुणाला दाखवला असता.

"म्हंजी अठ्ठावीसच्या वर समदं आपलं?"

"वर समदं आपलं," मी म्हणालो. "सोडा दाजी सातशे पन्नासला. नव्वद हजार सुटायलेत, वीस डॉलरसाठी गिऱ्हाईक कशाला घालवता?"

हे वाक्य मी इतक्या रुबाबात म्हणालो की आजही आठवलं तर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

थोरल्यांना ही निर्यात मुळातच पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं, माल डोळ्यांसमोर विकावा आणि पैसे हातात घ्यावेत, समुद्रापलीकडच्या माणसाच्या नादी लागू नये. दोघां भावांत बोलाचाली झाली. शेवटी गिरणीच्या अंगणात, अक्का आणि मी उभे असताना, थोरले म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. पण एक ध्येनात ठिव. ह्या सौद्यात एक रुपयाचा जरी तोटा आला, तर गिरणी माझी. तू तुजी येगळी वाट धर."

दाजींनी खिशावर हात ठेवला. खिशात माझा तक्ता होता. "कबूल," ते म्हणाले. थोरल्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे घरातल्या लहान पोरांनाही माहीत होतं. अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. अगदी खात्रीने डोलावली.

पावसाळ्याच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाच्या बँकेकडून हमीपत्र आलं. दाजी हळदीच्या खरेदीत बुडालेले होते, म्हणून कागद घेऊन नांदेडच्या बँकेत मी गेलो. शुक्रवार होता, माझा तास नव्हता. परदेशी व्यवहार पाहणारे साहेब मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी कागद तपासले, चहा सांगितला आणि सहज विचारलं, "दर कसा धरलाय तुम्ही?"

मी अभिमानाने तक्त्याची नक्कल पुढे केली. त्यांनी चष्मा पुसला. तक्ता पाहिला, पुन्हा पाहिला, आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखतो. नापास झालेल्या पोराच्या बापाकडे मी तसंच पाहतो.

"सर, तुम्ही सगळ्या डॉलरला बाजाराचा दर लावलाय."

"हो. पेपरात तोच येतो."

"पेपरात दोन येतात."

येत होते. मला ते माहीत होतं. त्या वर्षीच्या बजेटनंतर रोज दोन दर छापून यायचे, एक सरकारी आणि एक बाजाराचा. सरकारी दर सरकारच्या व्यवहारांसाठी आणि बाजाराचा आपल्यासारख्यांसाठी, असं मी धरून चाललो होतो. रेशनची साखर वेगळी, खुल्या बाजारातली वेगळी, तसं. आपण रेशनच्या रांगेत नाही, मग आपला काय संबंध? माझ्याकडचं पाठ्यपुस्तक जुनं होतं. त्यात एकच दर होता आणि मी वर्षानुवर्षं तोच शिकवत आलो होतो.

साहेबांनी मला साखरेवरूनच समजावलं. "साखर कारखान्याला लेव्ही असते ना? काही साखर सरकारला ठरलेल्या भावात द्यायची, उरलेली खुली विकायची. तसंच हे. शंभर डॉलर आले की चाळीस सरकारी दराने, साठ बाजाराच्या."

सरकारी दर होता पंचवीस नव्वद. त्यांनी माझ्याच कागदाच्या मागे आकडे मांडले. पंचेचाळीस हजारांतले अठरा हजार डॉलर पंचवीस नव्वदने गेले, त्याचे चार लाख सहासष्ट हजार दोनशे. खर्च भरून निघायला उरलेल्या सत्तावीस हजार डॉलरांनी सात लाख त्र्याण्णव हजार आठशे आणायला हवेत. भागाकार केला. एकोणतीस रुपये चाळीस पैसे.

म्हणजे बरोबरीचा दर अठ्ठावीस नव्हताच. बाजार तीसवर राहिला तरी नव्वद हजार नाही, सोळा हजार दोनशे सुटणार होते. एकोणतीसवर आला तर माझ्या तक्त्यात पंचेचाळीस हजारांचा नफा होता आणि खरा होता दहा हजार आठशेचा तोटा. अठ्ठावीसवर माझ्या सुबक अक्षरात शून्य लिहिलेलं होतं. साहेबांच्या आकडेमोडीत तिथे सदतीस हजार आठशे जात होते. मी कागद उलटून लाल रेघेखालचा माझा आकडा पुन्हा वाचला.

"आज बाजार कितीवर आहे?" मी विचारलं.

"खाली यायला लागलाय. पण पुढचा दर आज बांधून घेता येतो, डॉलर नंतर आले तरी आज ठरला तोच भाव. साठ टक्क्यांचाच बरं का, चाळीसचं काही करता येत नाही. आज बांधला तर एकोणतीस साठ देतो. पाच हजार चारशे सुटतील तुम्हाला. मालकांना सही करायला घेऊन या."

पाच हजार चारशे. नव्वद हजारांपुढे काहीच नाही, पण तोटा नव्हता. गिरणी वाचत होती. फक्त वसमतला जायचं, दाजींना सांगायचं, 'मी चुकलो, चला माझ्यासोबत', एवढंच काम होतं.

नांदेडहून मी सरळ वसमतच्या एसटीत बसलो. वाटेत वाक्य तयार केलं, मोडलं, पुन्हा तयार केलं. गिरणीत पोचलो तर दाजी गावाकडे माल पाहायला गेलेले, संध्याकाळी येणार होते. ओट्यावर थोरले बसलेले.

"काय मास्तर, डॉलर काय म्हणायलाय?"

"ठीक हाय," मी म्हणालो.

तोंडातून तेच निघालं. अक्काने ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर तेलाची धार. मी घास तोंडात घोळवत राहिलो. अक्का समोर बसून सांगत होती की दाजींनी आणखी एका ड्रमची चौकशी केली आहे. "तुज्या कागदावर उडी मारलीया त्यांनी," ती म्हणाली. "मी म्हणलं, माजा भाऊ हाय, त्याचं चुकायचं न्हाई."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. थोरले आतल्या खोलीत ऐकत असते तरी बोलायला हवं होतं. मला त्यांची भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त भीती अक्काच्या चेहऱ्याची वाटली. दाजींची वाट न पाहता मी शेवटच्या गाडीने परभणीला परतलो. उद्या फोन करू, असं स्वतःला सांगितलं.

शनिवारी कॉलेजात तास होता. फळ्यावर विनिमय दर हा शब्द लिहिताना खडू मोडला. एका मुलीने विचारलं, "सर, दोन दर कसे काय असतात?" मी म्हणालो, पुढच्या तासाला सांगतो. मग वाचनालयात जाऊन पेपर उघडला. दर उतरला होता. गिरणीत फोन होता, कॉलेजच्या ऑफिसातून ट्रंक कॉल लावता आला असता. मी दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा क्लार्क मोकळा होता आणि फोनही मोकळा होता. मी परत फिरलो.

रविवारी घराचं दार लावून नवा तक्ता केला. एकोणतीस चाळीसच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पैशांनी ओळी. दहा पैसे म्हणजे सत्तावीसशे रुपये, कारण आता हलणारे डॉलर सत्तावीस हजारच होते. तक्ता बरोबर होता. तीनदा तपासला. बायकोने विचारलं, काय करताय? मी म्हणालो, परीक्षेचं काम. आजारी पडलो तर बरंच होईल असं वाटलं. आजारी माणसाला कोण विचारतं?

सोमवारी बंद होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा कधी या बाजूचा बंद असे, कधी त्या बाजूचा. एसटी डेपोतून निघाली नाही. गावात लोक जिवाच्या काळजीने दारं लावून बसले होते आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं, की आज जाताच येणार नाही. असा मी माणूस. मंगळवारच्या पेपरात बाजाराचा दर एकोणतीसच्या जवळ आलेला दिसला, तेव्हा मात्र भीतीची जात बदलली. सांगण्याच्या भीतीपेक्षा न सांगण्याची मोठी झाली. पहिली गाडी पकडून वसमत गाठलं.

दाजी ड्रमजवळ उभे होते. आवाज एवढा की ओरडल्याशिवाय ऐकू येईना. मी ओरडून म्हणालो, "दाजी, माजा तक्ता चुकलाय!" त्यांनी हाताने ड्रम बंद करायची खूण केली. त्या शांततेत मी सगळं सांगितलं, चाळीस, साठ, एकोणतीस चाळीस. अक्का दारात येऊन उभी राहिली होती.

दाजी चिडतील, शिव्या देतील, निदान तो कागद तोंडावर फेकतील अशी मी वाट पाहत होतो. त्यांनी कपाळावरची हळद पुसली आणि विचारलं, "आता काय करायचं ते सांगा."

दुपारी आम्ही बँकेत होतो. साहेबांनी मुंबईला फोन लावून दर विचारला. "एकोणतीस दहा," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, शुक्रवारचं काही बोलले नाहीत. मी नवा तक्ता काढून बोट ठेवलं. आठ हजार शंभरचा तोटा.

"न बांधता थांबलो तर?" दाजींनी विचारलं.

"वर गेला तर वाचलो. एकोणतीस चाळीसच्या वर गेला पाहिजे. खाली गेला तर..." मी अठ्ठावीसच्या ओळीवर बोट नेलं. सदतीस हजार आठशे.

मला मनापासून वाटत होतं की त्यांनी थांबावं. थांबले तर गिरणी वाचायची एक शक्यता होती, आणि माझीही. बांधलं तर तोटा आठ हजार शंभर, लिहून दिलेला, पक्का. थोरल्यांचा शब्द एका रुपयाचा होता.

दाजींनी तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "पंधरा गावची हळद आणलीया मास्तर मी. निम्म्या लोकांला पैशे अजून द्यायचेत. आठ हजार कुठूनबी उभे करीन. अडतीस हजार मला उभे व्हणार न्हाईत. गिरणी जाईल, बाजारात तोंड तर ऱ्हाईल." आणि त्यांनी सही केली.

परतीच्या एसटीत खिडकीशी ते आणि शेजारी मी. आसना नदीचा पूल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "तुमाला कवा कळलं हे?"

"काल," मी म्हणालो. "काल पेपर वाचता वाचता ध्यानात आलं. बंद होता, म्हणून आज आलो."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग तुमी तरी काय केलं असतं? एका दिसात काय व्हतंय." ते मला धीर देत होते. मी हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिलो. तो हात मला गुडघ्यावर नको होता.

तिन्ही कंटेनर गेले. पैसे वेळेवर आले. बांधलेल्या दराने हिशोब बरोबर आठ हजार शंभर तोट्याचा निघाला, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. या वेळचा माझा तक्ता बिनचूक होता. थोरल्यांनी हिशोब पाहिला, आवाज चढवला नाही आणि गिरणीच्या किल्ल्या मागून घेतल्या. दाजींनी त्या दिल्या. अक्काने स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि दाजी बाजार समितीत दुसऱ्याच्या अडतीवर बसू लागले.

पुढे दर आणखी घसरला आणि बरेच दिवस अठ्ठावीसच्या आसपास रेंगाळला. न बांधता थांबलो असतो तर शेतकऱ्यांचे पैसे बुडाले असते, हे बाजारात सगळ्यांना कळलं. दिवाळीत मी वसमतला गेलो तेव्हा दाजी मला अडतीवर घेऊन गेले. दहा-बारा लोक बसले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्याने म्हणाले, "हे आमचे मेहुणे, कॉलेजात मास्तर हायेत. ह्यांनी येळेवर सांगितलं म्हणून वाचलो. न्हाईतर पार बुडालो असतो."

लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. कुणीतरी सरकून गादीवर जागा करून दिली. पाठीमागे अक्का डबा घेऊन आली होती. त्या शुक्रवारी बँकेचे कागद काखेत घेऊन मी तिच्यासमोर जेवायला बसलो होतो, हे दाजींना माहीत नव्हतं. तिला होतं, आणि तिने ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तिने डबा दाजींच्या हातात दिला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि म्हणाली, "व्हय, लय येळेवर सांगितलं त्यानं."

मी गादीवर बसलो.